थकव्यावर जिनसेंग आणि रोडिओला : चाचण्या काय सांगतात, झोपेचं आणि साखरेचं काय होतं

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी दोन बाटल्या घेऊन माझ्याकडे आली. ती एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते आणि उरलेल्या वेळात सरकारी भरतीचा अभ्यास. एका बाटलीवर ‘जिनसेंग’ लिहिलेलं होतं, दुसरीवर ‘रोडिओला’. दोन्ही ऑनलाइन मागवलेल्या, दोन्ही मिळून दोन हजारांच्या घरात. ती म्हणाली, “ताई, दीड महिना झाला घेतेय. थकवा काही जात नाही, आणि आता ड्युटीवरून आल्यावर झोपही लागत नाही. आईनेही माझं बघून सुरू केलंय. चालू ठेवू की बंद करू?”

मी डॉक्टर नाही. समाजकार्य करते आणि आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने अशा प्रश्नांशी रोज गाठ पडते. पण एखाद्या औषधावर झालेली चाचणी कशी वाचायची, किती लोकांवर झाली, कोणाशी तुलना केली, हे समाजशास्त्र शिकताना शिकले होते. म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर आधी चाचण्यांमध्ये शोधलं आणि मग तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे. कारण रात्रपाळी, अभ्यास आणि संघटनेची धावपळ एकत्र करणारे तरुण आपल्यात खूप आहेत, आणि या बाटल्या आता अभ्यासिकांच्या टेबलांवरही दिसू लागल्या आहेत.

आधी नावांचा गोंधळ

जिनसेंग नावाने विकली जाणारी प्रत्येक वस्तू एक नसते. खरं जिनसेंग म्हणजे ‘पॅनॅक्स’ या वनस्पतीगटाचं मूळ. त्याचे दोन प्रकार जास्त चालतात : कोरिया-चीनकडचं आशियाई जिनसेंग आणि अमेरिका-कॅनडातलं अमेरिकन जिनसेंग. दोघांमध्ये जिनसेनोसाइड नावाची द्रव्यं असतात, पण त्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं. ‘सायबेरियन जिनसेंग’ नावाने मिळतं ती वेगळीच वनस्पती आहे, आणि ‘भारतीय जिनसेंग’ म्हणजे आपली अश्वगंधा. एकावर झालेली चाचणी दुसऱ्याला लागू होत नाही.

रोडिओला ही थंड, उंच प्रदेशात खडकांमधून उगवणारी वनस्पती. सायबेरिया, स्कँडिनेव्हिया, अल्ताई पर्वत हा रोडिओला रोझिया या जातीचा मुलूख. आपल्या देशात लडाखमध्ये तिची एक बहीण उगवते. तिथले लोक तिला ‘सोलो’ म्हणतात, तिची कोवळी पानं भाजीसारखी खातात आणि लेहमधली संरक्षण संशोधन विभागाची प्रयोगशाळा तिच्यावर काम करते. मात्र लडाखची सोलो ही रोडिओला इम्ब्रिकाटा, वेगळी जात. थकव्यावरच्या ज्या चाचण्यांची चर्चा होते त्या रोझिया जातीच्या अर्कावर झाल्या आहेत. रोझियाची खूण म्हणजे रोझाविन नावाची द्रव्यं. बाटलीवर नुसतं ‘रोडिओला’ असेल आणि रोझाविनचं प्रमाण दिलेलं नसेल, तर आत कोणती जात आहे ते कळायला मार्ग नाही. लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये बाजारातली रोडिओला रोझियाची उत्पादनं तपासली तेव्हा साधारण पाचातलं एक उत्पादन लेबलाशी जुळलं नव्हतं.

रात्रपाळीचे डॉक्टर आणि रात्रपाळीच्या परिचारिका

रोडिओलाच्या जाहिरातीत हमखास येणारी एक चाचणी आहे. ती आर्मेनियात झाली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. रात्रपाळी करणाऱ्या ५६ तरुण, निरोगी डॉक्टरांना रोज १७० मिलिग्रॅम अर्क दिला. दोन आठवडे अर्क आणि दोन आठवडे प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणत्या काळात काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. लक्ष, स्मरण, आकडेमोड अशा छोट्या परीक्षा ड्युटीच्या आधी आणि नंतर घेतल्या. पहिल्या दोन आठवड्यांत अर्क घेणाऱ्यांची कामगिरी रात्रपाळीनंतर कमी घसरली. पुढच्या टप्प्यात मात्र हा फरक टिकला नाही. जाहिरातीत पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही.

दुसरी चाचणी स्वीडनमधली, २००९ ची. ताणामुळे थकलेल्या ६० जणांना २८ दिवस रोज ५७६ मिलिग्रॅम अर्क किंवा प्लासिबो दिला. अर्काच्या गटात थकल्याची भावना कमी झाली आणि लक्ष सुधारलं. हा निकाल चांगला आहे. पण चाचणी लहान आहे, आणि अशा बऱ्याच चाचण्यांत त्या अर्काशी संबंधित संस्थेच्याच लोकांचा सहभाग होता.

तिसऱ्या चाचणीबद्दल वाचलं तेव्हा आमची परिचारिका डोळ्यांसमोर आली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाळीत काम करणारे ४८ नर्सिंगचे विद्यार्थी निवडले. जाग आल्यावर ३६४ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल आणि गरज वाटल्यास पुढच्या चार तासांत आणखी एक, असं ४२ दिवस चाललं. अर्ध्यांना रोडिओला, अर्ध्यांना प्लासिबो. शेवटी सगळ्यांना प्रश्नावली दिली : तुम्हाला किती उत्साह वाटतो, किती थकल्यासारखं वाटतं. शंभर गुणांच्या उत्साहाच्या मोजपट्टीवर रोडिओला घेणारे प्लासिबोवाल्यांपेक्षा सरासरी सुमारे १७ गुणांनी मागे होते. म्हणजे ज्यांना औषध मिळालं ते जास्त थकलेले निघाले.

४८ जणांची चाचणी मोठी नव्हे, आणि संशोधकांनीही निकाल जपून वाचा असं सांगितलं आहे. ‘रोडिओलाने थकवा वाढतो’ असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण तेवढ्याच आकाराच्या जुन्या चाचण्यांच्या जोरावर ‘रोडिओलाने थकवा जातो’ असंही म्हणता येत नाही. २०१२ मध्ये कॅनडातल्याच संशोधकांनी तोवरच्या ११ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. निकाल एकमेकांशी जुळत नव्हते, आणि प्रत्येक चाचणीच्या पद्धतीत किंवा मांडणीत दोष होते.

इथे प्लासिबोबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. थकवा रक्तदाबासारखा यंत्राने मोजता येत नाही, तो माणसाला विचारूनच कळतो. आपण फार थकतो तेव्हाच गोळी सुरू करतो, आणि त्या टोकावरून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणांना आपोआपच थोडं बरं वाटतं. शिवाय गोळी घेतल्याचा आधार असतोच. त्यामुळे बऱ्याच चाचण्यांत प्लासिबोवाल्यांचाही थकवा कमी होतो. ‘मला फरक पडला’ हा अनुभव खोटा नसतो, पण तो औषधाने पडला की तसाच पडला असता, हे एका माणसाच्या अनुभवातून कळत नाही.

जिनसेंग : एक चांगला निकाल आणि त्याच्या मर्यादा

जिनसेंगवरची सगळ्यात नावाजलेली थकव्याची चाचणी अमेरिकेत झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कर्करोगाचे ३६४ रुग्ण होते. काहींचे उपचार चालू होते, काहींचे संपले होते. त्यांना रोज २००० मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंगच्या मुळाची पूड किंवा प्लासिबो, आठ आठवडे. चौथ्या आठवड्यात दोन्ही गटांत थोडा फरक दिसला, पण तो योगायोग नव्हे असं म्हणण्याइतका पक्का नव्हता. आठव्या आठवड्यात तो पक्का झाला : शंभर गुणांच्या मोजपट्टीवर जिनसेंग गटाची सुधारणा सुमारे २० गुण, प्लासिबो गटाची सुमारे १०. हा फायदा मुख्यतः उपचार चालू असलेल्या रुग्णांत होता.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फायदा कर्करोगाच्या थकव्यात दिसला, अभ्यास आणि रात्रपाळीच्या थकव्यात नव्हे. तो दिसायला आठ आठवडे लागले. आणि तो रोज दोन ग्रॅम मुळाने दिसला. त्याच गटाच्या आधीच्या लहान चाचणीत याहून कमी मात्रा पुरेशी ठरली नव्हती.

शिवाय लगेच दुसरी बाजूही आली. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी ११२ कर्करोग रुग्णांना २८ दिवस रोज ८०० मिलिग्रॅम आशियाई जिनसेंग किंवा प्लासिबो दिला. दोन्ही गटांना बरं वाटलं, जवळपास सारखंच. तिथे जात वेगळी होती, मात्रा वेगळी होती, काळही निम्मा होता. त्यामुळे या दोन चाचण्या एकमेकींना थेट खोडत नाहीत. पण ‘जिनसेंग’ या एका शब्दाखाली किती वेगळ्या गोष्टी येतात ते यातून दिसतं.

आता आपल्या मेडिकलमध्ये काय मिळतं ते पाहू. जिनसेंग घातलेल्या जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल सर्रास विकल्या जातात. मागे बारीक अक्षरांत वाचा. बहुतेकदा ‘जिनसेंग अर्क ४२.५ मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. अर्क पुडीपेक्षा तीव्र असतो हे मान्य. तो पाचपट तीव्र धरला तरी हिशोब २१२ मिलिग्रॅम मुळापर्यंत जातो. ज्या चाचणीत फायदा दिसला तिथे रोज २००० होते. म्हणजे साधारण नववा भाग. अशी कॅप्सूल घेऊन कोणाला बरं वाटलं, तर त्यामागे त्यातलं लोह किंवा बी-१२ असण्याची शक्यता जास्त.

झोप

आमच्या परिचारिकेची खरी तक्रार झोपेची होती. जिनसेंगच्या दुष्परिणामांमध्ये सगळ्यात जास्त नोंदली जाणारी गोष्ट झोप न लागणं हीच आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या एका संशोधकाने जिनसेंग घेणाऱ्या १३३ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या १४ जणांत वाढलेला रक्तदाब, अस्वस्थपणा, निद्रानाश, अंगावर पुरळ आणि सकाळचे जुलाब अशा तक्रारी एकत्र दिसल्या. ही पाहणी पुढे फार गाजली, पण तिच्यात एक मोठी उणीव होती : तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ते लोक कॉफीही पीत होते. त्यामुळे दोष जिनसेंगचा किती आणि कॅफिनचा किती हे ठरत नाही.

आपल्याकडेही प्रश्न तोच येतो, फक्त कॉफीच्या जागी चहा. रोडिओलाच्या बाबतीत अस्वस्थपणा, चक्कर, तोंड कोरडं पडणं आणि झोपमोड अशा तक्रारी नोंदलेल्या आहेत. म्हणूनच एका युरोपीय अभ्यासात रोडिओला सकाळच्या न्याहारीआधी आणि दुपारच्या जेवणाआधीच देत होते, संध्याकाळी नाही.

मी त्या मुलीला तिचं वेळापत्रक कागदावर मांडायला सांगितलं. रात्रपाळी आठ ते सकाळी आठ. ड्युटीवर निघताना जिनसेंग. पहाटे चारला डोळे मिटायला लागले की रोडिओला. रात्रभरात चार कप चहा, शेवटचा पाचच्या सुमारास. घरी नऊला, अंथरुणावर दहाला, झोप साडेबाराला, आणि चारला जाग. म्हणजे झोप साडेतीन तास. ‘सकाळी घ्या’ ही सूचना तिने दिवसपाळीवाल्यांसाठी लिहिलेली म्हणून सोडून दिली होती. पण रात्रपाळीत ‘सकाळ’ म्हणजे आपली जागं होण्याची वेळ. पहाटे चार म्हणजे तिच्यासाठी झोपेच्या सहा तास आधीची वेळ, दिवसपाळीवाल्याने संध्याकाळी पाचला गोळी घेण्यासारखी.

मी सुचवलं की एका वेळी एकच बदल कर आणि झोपेचे तास लिहून ठेव. तिने पहिल्याच आठवड्यात पहाटेची गोळी आणि दोननंतरचा चहा दोन्ही बंद केले. झोप साडेतीन तासांवरून साडेपाचपर्यंत गेली. आता श्रेय कोणाला द्यायचं? ते सांगता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकत्र बदलल्या. माझा अंदाज चहाकडे झुकतो, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पण तो अंदाजच. एकेक बदल वेगळा केला असता, तर निदान तिच्यापुरतं उत्तर मिळालं असतं.

थकलेल्या माणसाची झोप अशा गोळीने तासाभराने जरी कमी झाली, तरी गोळीचा जो काही फायदा असेल तो त्यातच संपतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर ‘ताजंतवानं वाटतं का’ एवढंच न पाहता ‘झोप किती तास झाली’ हे आधी पाहावं.

रक्तातली साखर

जिनसेंग आणि साखर यांचा संबंध केवळ ऐकीव नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी २००० साली एक साधा प्रयोग केला. मधुमेह नसलेले १० आणि मधुमेह असलेले ९ जण घेतले. त्यांना ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंग किंवा प्लासिबो दिला आणि २५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला लावून रक्तातली साखर किती चढते ते मोजलं. मधुमेहींमध्ये जिनसेंगमुळे ही चढ सरासरी सुमारे एक पंचमांश कमी झाली, मग ते ग्लुकोजच्या ४० मिनिटं आधी घेतलेलं असो की सोबत. मधुमेह नसलेल्यांत ते ४० मिनिटं आधी घेतलं तरच परिणाम दिसला.

हे वाचून कोणी जिनसेंगला साखरेचं औषध समजेल, तर त्याच संशोधकांचं पुढचं काम पाहावं. तीन वर्षांनी त्यांनी अमेरिकन जिनसेंगचा दुसरा साठा वापरला, ज्यात जिनसेनोसाइड कमी होते. परिणाम शून्य. नंतर वेगवेगळे प्रकार तपासले तेव्हा काहींनी साखरेची चढ कमी केली, काहींनी काहीच केलं नाही, तर आशियाई जिनसेंगने ती उलट वाढलेली दिसली. २०१४ मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित हिशोब झाला. उपाशीपोटीची साखर सरासरी साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास उतरली. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए-१-सी तपासणीत एकंदरीत फरक दिसला नाही. १६० साखर असलेल्या माणसाला ती १५५ होऊन फारसा उपयोग नाही.

मग काळजी कशाची? काळजी आहे ती आधीच साखर उतरवणारं औषध घेणाऱ्यांची. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटं घेतलं तर साखर धोकादायक पातळीवर सहसा जात नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन, जेवण चुकलं तरी साखर खाली ओढतच राहतात. त्यावर जिनसेंगचा आणखी एक हात लागला, आणि तो किती जोरात लागेल हे बाटलीगणिक बदलत असेल, तर अडचण तिथे होते.

रोडिओलाचा माणसांमधल्या साखरेवर काय परिणाम होतो याचा भक्कम पुरावा नाही. बहुतेक काम प्राण्यांवर आणि प्रयोगशाळेत झालेलं आहे. एक गोष्ट मात्र माणसांवर तपासलेली आहे : यकृतातलं औषधं पचवणारं एक एन्झाइम रोडिओलामुळे काहीसं मंदावतं. ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची लोसार्टन ही गोळी याच एन्झाइमच्या वाटेने जातात. परिणाम सौम्य आहे, तरी या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रोडिओला सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

आईच्या बाबतीत काय झालं

मुलीची आई ५४ वर्षांची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. मुलीच्या बाटलीतलं जिनसेंग त्यांनी सकाळी उपाशीपोटी सुरू केलं होतं, ५०० मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल एकदम. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण ‘ते काही औषध नाही, जडीबुटी आहे’.

आषाढ पौर्णिमेला त्यांनी उपोसथ धरला. दुपारी बाराच्या आत जेवल्या, त्यानंतर फक्त पाणी. सकाळची ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेतली होती, आणि तिचा परिणाम जवळपास दिवसभर राहतो. संध्याकाळी सातच्या सुमारास हात थरथरायला लागले, दरदरून घाम आला, बोलणं तुटक झालं. मुलगी घरात होती म्हणून बरं. तिने लगेच ग्लुकोमीटर लावला : ६१. सत्तरच्या खाली साखर म्हणजे ती धोक्याइतकी उतरलेली. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली : ८८. मग दूध-पोळी दिली.

यात दोष कोणाचा? प्रामाणिक उत्तर असं की मुख्य कारण जेवण न घेता चालू राहिलेली ग्लिमेपिराइड हेच. जिनसेंग नसतं तरी हे घडू शकलं असतं. जिनसेंगने त्यात भर घातली की नाही हे एका प्रसंगावरून सिद्ध होत नाही. पण डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी सुधारल्या. जिनसेंग बंद, आणि उपोसथाच्या दिवशी ग्लिमेपिराइड कशी घ्यायची याची वेगळी सूचना. वर्षावासात अष्टशील पाळणारे अनेक ज्येष्ठ मधुमेही असतात. आपल्या घरात कोणी असेल, तर गोळीचं नाव पाहून पौर्णिमेच्या आधीच डॉक्टरांशी हे बोलून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि मनाने चालूही ठेवू नका. आणि साखर उतरल्याची लक्षणं दिसली तर त्या वेळी उपोसथ बाजूला ठेवून आधी साखर द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावं.

जिनसेंगबाबत आणखी एक जण सावध हवा : रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारा. अमेरिकन जिनसेंगमुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो हे निरोगी स्वयंसेवकांवर तपासून दिसलेलं आहे. हृदयाची झडप बदललेल्या माणसात असं झालं, तर गुठळी होण्याचा धोका असतो.

मग मुलीचा थकवा कशाचा होता?

झोप साडेपाच तासांवर आली तरी ती जिने चढताना दमत होती. डॉक्टरांनी चार तपासण्या सांगितल्या : हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइड आणि साखर. आईला मधुमेह असल्याने साखर मुद्दाम, कारण सतत थकवा हे मधुमेहाचंही लक्षण असतं. थायरॉइड आणि साखर ठीक निघाली. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ७. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. तिचा लोहाचा साठा जवळजवळ संपला होता, आणि दीड महिना ती जिनसेंगवर खर्च करत होती.

ती अपवाद नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के. म्हणजे थकव्याची तक्रार घेऊन दोन स्त्रिया आल्या तर त्यातल्या निदान एकीत कारण रक्तात सापडण्याची शक्यता आहे.

लोहाचा थकव्यावरचा पुरावाही पाहण्यासारखा आहे. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये १९८ थकलेल्या स्त्रियांवर चाचणी झाली. त्यांना रक्तक्षय नव्हता, फक्त फेरिटिन ५० च्या खाली होतं. बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला, प्लासिबो घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. प्लासिबोची २९ टक्के ही घट लक्षात ठेवा. जिनसेंग-रोडिओलाच्या बाटलीवरच्या ‘फरक पडला’ या अभिप्रायांमध्ये हाच आकडा लपलेला असतो. आणि लोहाचा फायदा त्याच्याही वर होता. तो ज्यांच्यात लोह कमी आहे त्यांच्यातच दिसतो, म्हणून लोहसुद्धा तपासणीशिवाय घेऊ नये.

तिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी घेताना एक तास आधी आणि दोन तास नंतर चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. रात्रीचा चहा तिने आधीच कमी केला होता, तो असा दुसऱ्यांदा कामी आला. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं. रात्रपाळी आहे तशीच आहे आणि थकवा पूर्ण गेलेला नाही. पण जिना चढताना आता ती मध्ये थांबत नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर

काही जण हे वाचूनही एकदा घेऊन पाहतील, त्यांच्यासाठी एवढंच. आधी या चार तपासण्या करून घ्या. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि साखर सहज होतात. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणं किंवा नैराश्य यांची औषधं चालू असतील, गर्भारपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर स्वतःहून सुरू करू नका. बाकीच्यांनी एका वेळी एकच वस्तू घ्यावी, तीही आपल्या जागं होण्याच्या वेळेजवळ. बाटलीवर वनस्पतीची पूर्ण जात आणि मिलिग्रॅम लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका. सुरू करण्याआधी एक आठवडा झोपेचे तास आणि थकव्याला दहापैकी गुण रोज लिहा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. वर दिलेल्या ज्या चाचण्यांत फायदा दिसला, त्या रोडिओलाच्या चार आठवड्यांपर्यंत आणि जिनसेंगच्या आठ आठवड्यांपर्यंत चालल्या होत्या. तोवर वहीत फरक दिसला नाही तर बाटली बंद करा. आणि झोप कमी झाली तर तेवढी वाटही पाहू नका.

त्या मुलीने रोडिओलाची उरलेली बाटली माझ्याकडेच ठेवली आहे. जिनसेंगची बाटली तिने पुढच्या तपासणीला जाताना आईच्या डॉक्टरांकडे दाखवायला नेली. लेबल वाचून त्यांनी विचारलं, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” आई म्हणाल्या, “तुम्ही विचारलं नाही, आणि मला वाटलं हे औषध नाही.”